विहीणबाईंना पाच दिवसांचे पाच संदेश

पत्र

फेब्रुवारीत लेकीचं, मृण्मयीचं, लग्न झालं. आम्ही ठाण्यात नौपाड्यात, विहीणबाई नेरुळला. ओळख नवी, त्यामुळे बोलणं बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच. गणपतीत एकच मजकूर माझ्याकडून त्यांना दोनदा गेला आणि त्यांनी दोन्ही वेळा हात जोडलेले पाठवले. मला फार ओशाळल्यासारखं झालं. दिवाळीत त्यांना पाच दिवस पाच वेगळे संदेश पाठवायचे आहेत, पण लिहायला बसलं की पाचही सारखेच होतात. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले, म्हणून पाडव्याला काय लिहावं तेच कळत नाही. त्याच दिवशी लेक-जावई दिवाळसणाला आमच्याकडे येणार. बाई फार चांगल्या आहेत. माझ्या आईची समई त्यांनी आपल्या देवघरात ठेवली, जूनमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असूनही परवा कडबोळ्यांचा डबा पाठवला. भाऊबीजेला त्यांचे भाऊ पनवेलहून येतात.

— एक वाचक, नौपाडा

उत्तर

पाचही संदेश सारखे होतात, कारण पाचही दिवशी तुम्ही एकच काम करायला बसता: शुभेच्छा देणं. शुभेच्छा म्हटलं की सुख, समृद्धी, आरोग्य, आनंद आणि भरभराट हे पाच शब्द आले, एखादी पणती आली, अंधार आला, शेवटी ‘तुमच्या संपूर्ण परिवारास’ आलं. शब्दांची जागा बदलली तरी वाचणाऱ्याला कालचाच संदेश पुन्हा आल्यासारखं वाटतं. म्हणून शब्द बदलण्याआधी प्रत्येक दिवसाचं काम बदला. एक दिवस विचारपूस करा, एक दिवस काहीतरी विचारा, एक दिवस आभार माना, एक दिवस येण्या-जाण्याचं सांगा आणि एक दिवस त्यांना त्यांच्या माणसांत सोडून द्या. रीतसर शुभेच्छा पाचांपैकी एकाच दिवशी.

त्यासाठी लागणारा ऐवज तुमच्या पत्रातच आहे. गुडघा, कडबोळी, समई, दिवाळसण आणि पनवेलचे भाऊ: या पाच गोष्टी दुसऱ्या कोणाच्या संदेशात असूच शकत नाहीत. एक कागद घ्या. डावीकडे दिवस लिहा, मध्ये त्या दिवसाची स्वतःची एखादी वस्तू किंवा रीत आणि उजवीकडे या पाचांपैकी एक गोष्ट. संदेश लिहिण्याआधी हा कागद पूर्ण करा. धनत्रयोदशीला धन्वंतरी आणि गुडघा. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान, फराळ आणि कडबोळी. लक्ष्मीपूजनाला समई. पाडव्याला मुहूर्त आणि दिवाळसण. भाऊबीजेला भाऊ. एकदा वापरलेली गोष्ट पुन्हा वापरायची नाही, अगदी ‘गुडघा कसा आहे’ एवढंसुद्धा नाही. तो प्रश्न फोनवर विचारा.

आता पाच दिवस कोणते, हे आधी दिनदर्शिकेत बघून घ्या. आपल्याकडे दिवाळी वसुबारसेपासून धरली तर भाऊबीजेपर्यंत सहा तिथ्या होतात, धनत्रयोदशीपासून धरली तर पाच. तुमच्यासाठी धनत्रयोदशीपासूनच धरा, कारण गाय-वासराच्या पूजेशी जोडलेलं असं तुमच्या दोन घरांत काही दिसत नाही आणि ओढूनताणून आणलं की ते वाचताना कळतं. तिथ्या तारखांना सरळ ओळीनं बसतीलच असं मात्र नाही. 2023 साली नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, 12 नोव्हेंबरला होतं आणि पाडवा मध्ये एक दिवस सोडून 14 तारखेला आला. 2022 मध्ये 25 ऑक्टोबरला सूर्यग्रहण होतं आणि पाडवा व भाऊबीज दोन्ही 26 तारखेला आले. असं झालं तर दोन संदेश एकात कोंबू नका. सकाळचा सकाळी, दुसरा दुपारनंतर. मध्ये रिकामा दिवस आला तर तो रिकामाच राहू द्या. ‘भाकड दिवसाच्याही शुभेच्छा’ पाठवणारे असतात, तुम्ही त्यात जाऊ नका.

आता एकेक दिवस घेऊ.

धनत्रयोदशीला बहुतेक जण सोनं, धन आणि कुबेर यांच्यामागे जातात. विहीणबाईंना तुमच्याकडून धनाचा विषय नकोच. लग्नाला वर्षही झालेलं नाही, देण्याघेण्याची आठवण कुठूनही डोकावायला नको. हा धन्वंतरीचाही दिवस आहे, म्हणून प्रकृतीची विचारपूस इथं आपोआप बसते. एक जपायला हवं. या संध्याकाळी आपण दक्षिणेकडे वात करून यमदीप लावतो. तो अपमृत्यू टळावा म्हणून असतो. ज्या घरातलं माणूस चार वर्षांपूर्वी गेलं, तिथं यमाचा उल्लेख करू नका, चांगल्या भावनेनंसुद्धा नाही. संदेश असा होईल:

> धन्वंतरीपुढे धने-गूळ ठेवला आणि पहिली आठवण तुमच्या गुडघ्याची झाली, ताई. जूनपासून एवढ्या चिकाटीनं व्यायाम करताय, थंडीत तो मुळीच त्रास न देवो.

यात ‘आरोग्य’ हा शब्द नाही, तरी सगळा संदेश आरोग्याचाच आहे. हा दुपारी चार-पाचच्या सुमारास पाठवा. तोवर पूजेची गडबड सुरू झालेली नसते.

नरक चतुर्दशीचा संदेश सगळ्यांत छोटा ठेवा आणि त्यात शुभेच्छा अजिबात नको. तो सकाळी सातच्या आधी पाठवू नका. पहाटे साडेचारला ‘उठा उठा दिवाळी आली’ पाठवण्याची हौस असते, पण ज्यांना गुडघ्यामुळे रात्री नीट झोप लागत नाही त्यांच्या उशाशी फोन वाजायला नको. या दिवशी प्रश्न विचारायचा आहे आणि कोणता प्रश्न विचारायचा याचा नीट विचार करा. सगळ्यात आधी सुचतो तो प्रश्न म्हणजे ‘मृण्मयीच्या चकल्या कशा झाल्या?’ तो टाळा. मुलीच्या आईनं सासूला असं विचारलं की तिला उत्तर देणं अवघड होतं. चांगल्या झाल्या म्हटलं तर ते औपचारिक वाटतं, बिघडल्या म्हटलं तर तक्रार वाटते, आणि आईची नजर इथपर्यंत आहे असंही वाटू शकतं. प्रश्न त्यांच्या स्वतःच्या हातच्या पदार्थाबद्दल असू द्या आणि एका ओळीत उत्तर देता येईल असा असू द्या. पहिल्या खर्ड्यात बहुधा असं येईल: ‘भाजणीत धने किती घालता?’ इथं थांबा. काल धन्वंतरीपुढे धने-गूळ होता, आज पुन्हा धने. तुमच्या लक्षात येणार नाही, त्यांच्या येईल, कारण त्या दोन्ही ओळी एकाखाली एक वाचणार आहेत. म्हणून उडीद डाळ:

> घरभर उटण्याचा वास आणि हातात तुमच्या डब्यातलं कडबोळं! ताई, भाजणीत उडीद डाळ किती घेता? आमची एवढी खुसखुशीत होत नाहीत.

त्यांनी प्रमाण कळवलं तर त्यावर लगेच दोन शब्द लिहा. तो संवाद आहे, ठरवलेल्या पाचांत तो मोजू नका. त्या सकाळी तुम्ही राम मारुती रोडला किंवा तलावपाळीला दिवाळी पहाटेच्या गर्दीत गेलात आणि फोटो काढलेत, तर ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. या संदेशाला चिकटवलेत की प्रश्न फोटोखाली दबतो आणि उत्तर येतं ते ‘छान फोटो’ एवढंच.

लक्ष्मीपूजन हा रीतसर शुभेच्छांचा एकमेव दिवस. राखून ठेवलेले ‘शुभेच्छा’ आणि ‘समृद्धी’ हे दोन्ही शब्द इथं खर्च करा. पण मुख्य काम आभाराचं. मुलीच्या आईला या दिवशी ‘आमच्या घरची लक्ष्मी तुमच्या घरी आली’ लिहायचा मोह होतो. ते वाक्य लग्नाच्या प्रत्येक पत्रिकेपासून प्रत्येक भाषणापर्यंत झिजलेलं आहे, आणि त्यात आपण काहीतरी दिलं हा सूरही आहे. तुम्हाला सांगायचं आहे ते उलट: त्यांनी तुमच्या घरातली एक वस्तू मानानं ठेवून घेतली.

> ताई, लक्ष्मीपूजनाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. माझ्या आईची समई आज तुमच्या देवघरात लागेल. तुम्ही तिला तिथं जागा दिलीत, हे मी विसरणार नाही. तुमच्या घरी समृद्धी नांदो.

हा दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान जाऊ द्या. पूजा सूर्यास्तानंतर असते आणि त्या वेळी प्रत्येक फोनवर संदेशांचा पाऊस पडत असतो. समईचं वाक्य त्या गर्दीत वाहून जाऊ नये. शिवाय पूजेआधी वाचलं तर समई लावताना त्यांना ते आठवेल.

पाडव्याची तुमची अडचण खरी आहे. पण ती संदेशात काय लिहावं याच्या आधीची आहे. त्या दिवशी मुलगा-सून दिवाळसणाला ठाण्यात आणि विहीणबाई नेरुळला एकट्या, असं झालं तर कितीही सुंदर लिहिलंत तरी ते बोचेल. तेव्हा आधी फोन. वसुबारसेपर्यंत तुम्ही आणि तुमचे यजमान दोघांनी मिळून त्यांना दिवाळसणाचं बोलावणं करा. हे बोलावणं संदेशानं करायचं नसतं, आणि मुलीच्या तोंडून निरोपही नको. गुडघ्यामुळे लोकलनं नेरुळ-ठाणे येणं, जिने चढणं त्यांना जड जाईल, म्हणून गाडीचं ठरवूनच बोला. मग पाडव्याचा संदेश अगदी सोपा होतो. त्यात पती-पत्नी, औक्षण, ओवाळणी, सौभाग्य यांतलं काहीच येत नाही, आणि ते टाळलं असंही दिसत नाही, कारण संदेश वेगळ्याच कामाचा आहे. दिवसाचं जे खास आहे ते बळीच्या जुन्या वाक्यातून येतं:

> गाडी साडेदहाला दाराशी येईल, बारापर्यंत तुम्ही तिघं इथं. आमच्याकडे लिफ्ट आहे, पायऱ्या दोनच. एकला जेवायला बसू. इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो!

हा सकाळी साडेआठला पाठवा. त्या येणार नाहीत असं फोनवर ठरलं असेल तर संदेश मुलं पोचल्यावर पाठवा, आणि त्यात त्यांच्यासाठी काय पाठवताय तेवढं सांगा: ‘मुलं पोचली. तुमच्यासाठी बासुंदी आणि अनारसे त्यांच्याबरोबर देते, रात्री जेवायला त्यांच्यासाठी थांबाल ना?’ त्या दिवशीचा मृण्मयी ओवाळतानाचा फोटो तुम्ही पाठवू नका. त्यांचा मुलगा आहे त्यात, त्यांना तो हवासा वाटेलच, पण तो मुलानं किंवा सुनेनं पाठवावा. तुमच्याकडून आला की त्याला पाडव्याच्या शुभेच्छांचं रूप येतं.

भाऊबीजेला तुमचं काम बाजूला होण्याचं. हा त्यांच्या माहेरचा दिवस आहे. भाऊबीजेला यमद्वितीयाही म्हणतात आणि यम-यमुनेची गोष्ट अनेक संदेशांत असते. धनत्रयोदशीच्याच कारणानं तीही सोडून द्या.

> पनवेलकर येतीलच एवढ्यात. डब्यातले अनारसे त्यांच्यासाठी वेगळे बांधलेत, तबकात तेच ठेवा. आजचा दिवस तुम्हा भावंडांचा, ताई.

यासाठी पाडव्याला त्यांच्या हाती अनारशांची वेगळी पुडी जायला हवी, हे विसरू नका. संदेशात लिहिलेली वस्तू डब्यात नसली तर पुन्हा ओशाळणं आलं. सकाळी दहाच्या आत पाठवा.

पाचही लिहून झाले की एका कागदावर एकाखाली एक उतरवा आणि तीन वेळा तपासा. पहिल्यांदा प्रत्येकाचे फक्त पहिले चार शब्द वाचा. बंद फोनच्या पडद्यावर सुरुवातीचाच भाग दिसतो आणि पाचही ‘ताई, आज…’नं सुरू झाले तर उघडण्याआधीच सारखे वाटतात. वरच्या पाचांत ‘ताई’ कुठं सुरुवातीला, कुठं मध्ये, कुठं शेवटी आहे आणि पाडव्याच्या संदेशात मुळीच नाही, ते यासाठीच. दुसऱ्यांदा फक्त शेवट वाचा. तीन वाक्यं ‘होवो, नांदो, राहो’ यांवर संपत असतील तर एक बदला. वर ‘न देवो’, ‘नांदो’ आणि ‘येवो’ असे तीन शेवट आले आहेत, पण बळीचं वाक्य जुनं, तोंडात बसलेलं आहे, म्हणून ते खपून जातं. तुम्हाला खटकलं तर धनत्रयोदशीचा शेवट ‘थंडीत जपा’ असा करा. तिसऱ्यांदा प्रश्नचिन्हं मोजा. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं आणि सणात रोज उत्तर द्यायला लावणं हा भार आहे. पाचांत एक पुरे, त्या येणार नाहीत असं ठरल्यामुळे पाडव्याला दुसरा आला तर त्यापुढे एकही नको.

नाव खाली लिहू नका. ‘सौ. अमुक व परिवार, ठाणे’ ही ओळ पाच दिवस आली की तीच सगळ्यांत मोठी पुनरावृत्ती ठरते, आणि तुमचा नंबर त्यांच्याकडे आहे.

गणपतीत दोनदा गेलं ते बहुधा पाठवण्याच्या पद्धतीमुळे. तुमच्याकडे ब्रॉडकास्ट लिस्ट असेल आणि त्यात त्यांचा नंबर असेल, तर यादीला पाठवलेला मजकूर त्यांना खासगी संदेश म्हणूनच दिसतो. मग तुम्ही वेगळा पाठवलात की तो दुसरा. दिवाळीआधी त्या यादीतून त्यांचं नाव काढा. दोन्ही घरांचा एकत्र ग्रुप असेल तर तिथं टाकलेलं चित्र किंवा ओळ त्यांना पुन्हा स्वतंत्र पाठवू नका. त्यांच्याशी झालेल्या गप्पांत ‘शुभ’ आणि ‘हार्दिक’ हे शब्द शोधा. गुढीपाडवा, राखी, गणपती, दसरा यांना काय पाठवलंत ते एका मिनिटात समोर येईल आणि आता कोणती वाक्यं वापरायची नाहीत तेही कळेल.

लिहिलेले पाच संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवा, प्रत्येकाच्या आधी दिवसाचं नाव वेगळ्या संदेशात. मग त्या-त्या वेळी मजकूर दाबून धरा, कॉपी करा आणि त्यांच्या नावावर पेस्ट करा. दिवसाचं नाव वेगळं ठेवल्यामुळे ‘दिवस 3’ असं काही सोबत जाणार नाही. दुसरीकडून आलेला मजकूर बाणाच्या खुणेनं पुढे ढकललात तर वर फॉरवर्डचं लेबल दिसतं, आणि तो आधीच बराच फिरलेला असेल तर दुहेरी बाण दिसतो. मजकूर कितीही चांगला असला तरी ते लेबल दिसलं की तो त्यांच्यासाठी लिहिलेला राहत नाही.

पाठवण्याआधी रोज मागचं उत्तर वाचा. त्यांनी नरक चतुर्दशीला लिहिलं की सर्दीनं अंथरुण धरलंय, तर लक्ष्मीपूजनाच्या संदेशात आधी एक वाक्य त्याबद्दल हवं. त्यांच्या घरी किंवा माहेरी सुतक आलं तर उरलेले सगळे संदेश तिथंच थांबवा आणि फोन करा. नुसते हात जोडलेले आले तर तेही उत्तरच आहे, त्याखाली पुन्हा हात जोडू नका.

भाऊबीज झाली की पाचही संदेश वर्ष घालून वहीत उतरवून ठेवा, आणि भाजणीचं प्रमाण आलं असेल तर तेही. पुढच्या आश्विनात समई, गुडघा आणि पनवेल वापरून झालेले असतील, पण त्या प्रमाणानं तुम्ही केलेली कडबोळी नवी असतील.